तिखट बंद केलं, चहा चालूच राहिला, मग लेकरू काहून झोपत नाही?

"ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, पहिलंच बाळंतपण आहे, बाळ आता ५० दिवसांचं झालं. रात्री साडेदहाला जे डोळे उघडते ते दोन-अडीचपर्यंत टक्क जागं राहते, दिवसाही एका टायमाला पंधरा-वीस मिनिटांच्या वर झोपत नाही, जरा भांडं वाजलं की दचकते. सासूबाई म्हणतात तू तिखट खाल्लं म्हणून लेकराच्या पोटात आग पडते, म्हणून महिना झाला मले नुसता वरण-भात, खिचडी अन् फिक्की भाजी. चहाले कोणी काही म्हणत नाही, दिवसातून सहा-सात वेळा होते, रात्री जागते म्हणून एक वाजताही करून घेते. डोकं दुखलं की किराण्यातली गोळी घेते. तरी बाळ तसंच. मी काय सोडू?"

बाई, मिरची नको सोडू. चहा मोज. आणि ती किराण्यातली गोळी आजच बंद कर, ती काहून ते खाली सांगते.

मी उपकेंद्रात नर्स म्हणून खूप वर्षं काढली आणि बाळंतिणीच्या खाटेपाशी हे भांडण शंभरदा ऐकलं, की लेकरू रडलं की पहिला आरोप मिरचीवर, मग वांग्यावर, मग हरभऱ्याच्या डाळीवर, आणि चहाचं नाव कोणीच घेत नाही कारण चहा म्हणजे आपल्याकडे खाणंपिणं मोजतच नाहीत, तो तर पाहुण्याला देतात तसा बाळंतिणीलाही येता-जाता देतात. खरं पाहिलं तर या सगळ्यात लेकराच्या झोपेला हात लावू शकेल असं द्रव्य एकच आहे आणि ते चहात आहे, त्याला कॅफिन म्हणतात. कॉफीत पण तेच, कोलाच्या बाटलीत पण तेच, आणि डोकेदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पण तेच टाकलेलं असते.

आता एक गोष्ट आधी समजून घे म्हणजे बाकी सगळं आपोआप समजते. तू कप प्यायलीस की तासाभरात कॅफिन तुझ्या रक्तात येते आणि रक्तातून दुधात उतरते. किती उतरते? फार थोडं. तू जेवढं घेतलं त्याच्या शंभरातला साधारण एक भाग, फार तर दीड. म्हणून खूप जणी ऐकून येतात की दुधात काही जात नाही, बिनधास्त प्या, आणि मोठ्या लेकराच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं पण आहे. पण तुझं लेकरू ५० दिवसांचं आहे, आणि इथं गोष्ट किती आलं याची नाही, आलेलं बाहेर कधी जाते याची आहे.

मोठ्या माणसाचं लिव्हर कॅफिन लवकर मोडून टाकते, साधारण पाच तासांत अर्धं संपते. नव्या जन्मलेल्या लेकराच्या लिव्हरमध्ये ते मोडायची ताकद अजून आलेलीच नसते, त्याला अर्धं संपवायला ८० तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. तीन ते पाच महिन्यांच्या लेकराला १४ तासांच्या आसपास लागतात, आणि सहा महिने ओलांडले की ते मोठ्या माणसासारखंच भराभर मोडते. तुझं बाळ या दोन्हीच्या मधात कुठंतरी आहे. आपण हिशोबासाठी धरून चालू की त्याला अर्धं संपवायला दोन दिवस लागतात.

डॉक्टर लोकांना हे इतकं पक्कं काहून माहीत आहे सांगू का, कारण कॅफिन हे लहान लेकरांचं औषध पण आहे. महिने भरायच्या आधी जन्मलेली लेकरं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात, त्यांना जिल्हा हॉस्पिटलमध्ये आजारी नवजात लेकरांचा जो वेगळा विभाग असते, एसएनसीयू, तिथं कॅफिन सायट्रेट देतात म्हणजे श्वासाची आठवण राहते. ते औषध दिवसातून एकदाच देऊन भागते कारण ते अंगात टिकून राहते. म्हणजे हे काही विष नाही, तू आतापर्यंत प्यायलीस म्हणून लेकराचं नुकसान केलं असं मनात आणूच नको. पण जागं ठेवणारं द्रव्य आहे आणि लेकराच्या अंगात ते मुक्कामाला राहते, एवढं लक्षात ठेव.

चला, तुझा हिशोब करू. कप मोजून उपयोग नाही, आपल्याकडे कप म्हणजे कोणाचा बोटभर तर कोणाचा स्टीलचा गिलासभर. पत्ती मोज. घरात पाव किलोचा पुडा किती दिवसांत संपते ते आठव. समज घरात पाच माणसं आणि पुडा आठ दिवसांत संपला, म्हणजे रोजची ३० ग्रॅमच्या वर पत्ती. त्यात तू सगळ्यात जास्त वेळा पितेस, शेतावर जाणाऱ्यांचं दोनदाच होते, तर तुझ्या वाट्याला तिसरा हिस्सा धर, १० ग्रॅम. आपली दाणेदार पत्ती चांगली उकळली की एका ग्रॅममधून मोघम २५ ते ३० मिलिग्रॅम कॅफिन निघते. म्हणजे तुझ्या पोटात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम. वरून त्या गोळीत ३० ते ६५ मिलिग्रॅम असू शकते. आपण ३०० धरू.

त्यातलं लेकराकडं एक भाग, म्हणजे रोज ३ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण आता बघ, आज ३ गेलं. उद्या त्यातलं दोनच्या थोडं वर शिल्लकच असते, त्यावर नवीन ३ पडते, झालं पाच. परवा पाचातलं साडेतीन उरते, त्यावर पुन्हा ३. असं चढत चढत आठवड्याभरात ते नऊच्या वर जाऊन मग तिथंच थांबते, कारण तेव्हा जेवढं रोज येते तेवढंच रोज जाते. रांजणाला बुडाशी बारीक भोक असलं आणि वरून रोज तांब्याभर पाणी पडत राहिलं तर रांजण कोरडा कधीच होत नाही, तसंच. आता नऊ मिलिग्रॅम सव्वाचार किलोच्या लेकरात म्हणजे किती, तर तुझ्या ५० किलोच्या अंगात शंभर मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे अडीच कप चहा एकदम पोटात, आणि तो दुपारी पण, रात्री बारालाही, पहाटे तीनलाही, कधी उतरतच नाही. हे मोघम आहे बाई, कोणाच्या लेकरात कमी साठते कोणाच्या जास्त, पण चित्र हे असं आहे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही घरोघरी उलट्या समजतात.

पहिली, वेळेनं फार फरक पडत नाही. "पाजून झालं की लगेच चहा घे म्हणजे पुढच्या पाजणीपर्यंत उतरते" असा सल्ला खूप जणी देतात, आणि मोठ्या लेकरासाठी ठीकही आहे कारण दुधात ते तासा-दोन तासांत सगळ्यात जास्त असते. पण तुझ्या लेकरात काल-परवाचं साठलेलं बसलंच आहे, त्याला आज एक तास इकडे की तिकडे याचं काही नाही. दिवसाची बेरीज बघ. दुपारी चारच्या नंतरचा चहा मी बंद करायला सांगते तो तुझ्या झोपेसाठी, लेकरू जेव्हा डोळा लावते त्या अर्ध्या तासात तुला तरी झोप लागली पाहिजे म्हणून.

दुसरी, एक दिवस चहा सोडून काहीच कळत नाही. इथंच सगळ्यांची फसगत होते. सोमवारी चहा बंद केला, सोमवारी रात्री लेकरू तसंच जागं, मंगळवारी तसंच, बुधवारी सासूबाई म्हणतात पाह्य बरं, चहाचा काही संबंध नाही, ते तिखटच आहे. अगं पण बुधवारी सकाळी लेकराच्या अंगात अर्धं कॅफिन बाकी होतं! फरक दिसायला आठवडा द्यावाच लागते.

माझ्या हद्दीतली एक सून आठवते, कापूस वेचणीचे दिवस, घरी कोणी नाही, ती आणि दीड महिन्याचं लेकरू आणि चुलीवर सदा ठेवलेलं चहाचं पातेलं. जुनीच पत्ती, त्यात नवीन टाकून पुन्हा उकळायची, असा दिवसभर काळा कडक चहा, जेवण दोनच टाइम. लेकरू असंच टक्क, हातपाय थरथर, दिवसा झोप नाही रात्री झोप नाही, पण वजन चांगलं वाढत होतं आणि ताप बीप काही नाही. तिनं दोनदा चहा सोडून पाहिला होता, दोन्ही वेळा दोन-दोन दिवस, आणि दोन्ही वेळा डोकं इतकं ठणकलं की डोकेदुखीची गोळी घेतली, आणि त्या गोळीत कॅफिन! म्हणजे सोडलंच नव्हतं. मग आम्ही एकेक कप कमी करत गेलो, गोळी साध्या पॅरासिटामॉलची दिली, आणि बारा-तेरा दिवसांनी तिनं सांगितलं की दुपारी लेकरू सलग दोन तास झोपलं आणि मीच घाबरून त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला. रात्री ते दूध प्यायला उठतच होतं, ते उठणारच, पण पिऊन पुन्हा झोपत होतं.

म्हणून तू पण एकदम बंद करू नको. रोज ३०० घेणाऱ्याचं एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरते, चिडचिड होते, अंग मोडून आल्यासारखं वाटते, आणि हे आठवडाभर पण चालू शकते, ओल्या बाळंतिणीनं हे काहून सोसावं. दर दोन दिवसांनी एक कप कमी कर. सगळ्यात आधी रात्री एकचा काढ, मग संध्याकाळचा दिवा लावल्यानंतरचा, मग दुपारी जेवणावर जो घेतेस तो. सात कपातून तीन कपावर यायला आठ दिवस लागतील, घाई नाही. उरलेल्या तिनात पत्ती तुझ्यासाठी वेगळी टाक, पाण्याला उकळी आल्यावर टाकून झाकून ठेव, पातेल्यात जुन्या पत्तीवर पुन्हा उकळू नको. तीन कप म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम झाले. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिवसाला ३०० च्या आत राहा असं सगळ्यांसाठी सांगितलं आहे आणि युरोपातली अन्नसुरक्षा संस्था पाजणाऱ्या आईसाठी २०० पर्यंत ठीक म्हणते, मी ५० दिवसांच्या लेकराच्या आईला २०० च्या आतच ठेवते. लेकरू महिने भरायच्या आधी झालेलं असतं तर आणखी कमी सांगितलं असतं.

त्या रिकाम्या झालेल्या वेळी काय घ्यायचं, तर गरम काहीतरी हातात पाहिजेच हे मला कळते, सवय घोटाची असते. परसात गवती चहा असेल तर तो उकळून दूध-गूळ टाकून घे, त्याच्या नावात चहा आहे पण पत्ती नाही टाकली तर कॅफिन नसते. सुंठीचं दूध घे. ग्रीन टी मात्र त्यातलं नाही, ती चहाचीच पानं आहेत.

आणि लिहून ठेव, डोक्यात नको ठेवू, रात्र रात्र जागणाऱ्या बाईला काल काय झालं ते आठवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या घरात दोनच आकडे, चहाचे कप किती आणि लेकराची सगळ्यात लांब झोप किती मिनिटांची. कमी करायच्या आधी तीन दिवस लिही, मग चालू ठेव. तीन कपावर आल्यावर सात दिवस जाऊ दे आणि मग बघ.

आता खरं बोलते, यातही एक अडचण आहे. तोपर्यंत लेकरू सव्वादोन महिन्यांचं होईल, आणि या वयात रडणं-जागणं आपोआपच कमी व्हायला लागते. लेकरांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, आईनं काही खाओ की न खाओ. दिवस-रात्रीचा फरक पण त्यांना दोन-तीन महिन्यांनीच कळायला लागते. मग झोप सुधारली ती चहानं की वयानं? पाहायचंच असेल तर सोपं आहे, पाच कपावर जा, पाच-सहा दिवस राहा, कॅलेंडर बघ. झोप पुन्हा तुटली तर चहाच होता. काही फरक नाही पडला तर तुझं लेकरू चहा सोसते, चार-पाच कप खुशाल घे. ब्राझीलमध्ये पेलोटास शहरात तीन महिन्यांच्या ८८५ लेकरांच्या आयांना विचारून पाहिलं होतं, २०१२ मध्ये ते छापून आलं, तर खूप कॅफिन घेणाऱ्या आयांची लेकरं रात्री जास्त उठतात असं ठामपणे काही निघालं नाही. म्हणून मी सगळ्या बाळंतिणींना चहा सोडा सांगत नाही. तुला कमी कर म्हणते कारण तुझं लेकरू लहान आहे, बेरीज मोठी आहे, आणि चिठ्ठीतली एक गोष्ट मला खटकली, ते दिवसाही झोपत नाही.

ही खूण महत्त्वाची आहे. कॅफिन अंगात चोवीस तास सारखंच असते, ते काही रात्र पाहून काम करत नाही. ज्या लेकराला त्याचा त्रास आहे ते दिवसा पण टक्क असते, दचकते, झोपेचे तुकडे पडतात, भूक नसताना पण चुळबुळ करते. उलट जे लेकरू दिवसभर ढाराढूर झोपते, उठवलं तरी उठत नाही, आणि रात्रीच फक्त खेळते, त्याचं दिवस-रात्र उलटं पडलं आहे, तिथं चहा सोडून काही होत नाही, तिथं दिवसा उजेडात, घरच्या आवाजात ठेवायचं आणि रात्री अंधार करून, न बोलता पाजायचं. आणि जे रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला दोन-तीन तास पाय पोटाशी घेऊन किंचाळते आणि बाकी वेळ नीट असते, ते त्या सहा आठवड्यांच्या रडण्यातलं, त्याला खांद्यावर घेऊन फिरणं आणि वेळ जाऊ देणं एवढंच.

दिवसा-रात्री दोन्ही वेळा झोप तुटत असेल तर आणखी एक विचारावं लागते, रागावू नको, आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून विचारते. दाताला गुल किंवा नस लावतेस का? बाळंतपणात दात हलतात म्हणून कोणी लावायला दिली का? खर्रा घरात कोणी खात असेल आणि तू पण चिमूटभर घेत असशील तर तो आधी बंद. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरते आणि लेकराची झोप मोडते, चहापेक्षा ते वाईट.

आता मिरचीकडं येते, कारण महिनाभर फिक्कं खाऊन तू चहावर जगून राहिली आहेस हे मला चिठ्ठीत स्वच्छ दिसते. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे तीनेक भाकरी जास्तीच्या. फिक्क्या खिचडीवर कोण तीन भाकरींएवढं जास्त खाईल? पोट भरत नाही, थकवा येते, थकवा घालवायला चहा, चहानं भूक मरते, पुन्हा जेवण कमी. चहा वाढण्याचं मूळ त्या फिक्क्या ताटात आहे.

मिरची जिभेला झोंबते ते तिच्यातल्या कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यानं. भिवापुरी असो की लवंगी, द्रव्य तेच, कमी-जास्त. जर्मनीत म्युनिकच्या संशोधकांनी पाजणाऱ्या आयांना मसालेदार करी खाऊ घातली आणि मग तासातासाला दूध तपासलं, २०२१ मध्ये ते छापलं. काळ्या मिऱ्याचं तिखट द्रव्य दुधात सापडलं, पण इतकं थोडं की मोठ्या माणसाच्या जिभेलाही कळणार नाही. मिरचीचं आणि आल्याचं तर सापडलंच नाही. म्हणजे तुझा ठेचा तुझ्या पोटात जळजळ करेल, अॅसिडिटी करेल, टाके पडले असतील आणि संडासला कडक होत असेल तर तिथंही त्रास देईल, आणि त्या कारणानं पहिले काही आठवडे बेतानं खा म्हणणं बरोबरच आहे. पण लेकराच्या पोटात आग पडत नाही. सासूबाईंनी त्यांच्या वेळी बाळंतिणीची जळजळ पाहिली असेल आणि ती लेकरापर्यंत जाते असं धरलं असेल, मनात त्यांच्या लेकराची काळजीच आहे, म्हणून वाद नको घालू, हे वाचून दाखव.

लसणाचं उलटंच निघालं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९९१ मध्ये पाहिलं, आईनं लसूण खाल्ला की दुधाला वास येते हे खरं, पण लेकरं त्या दिवशी जास्त वेळ छातीशी राहिली, तोंड फिरवलं नाही. आपल्या बाळंतिणीच्या लाडवात आणि भाजीत लसूण, सुंठ, मेथी, शेपा घालतातच की.

वांगं, हरभऱ्याची डाळ, पिठलं बादी असते म्हणतात. गॅस कुठं होते, तर तुझ्या आतड्यात, न पचलेल्या भागावर जंतू काम करतात तेव्हा. तो गॅस रक्तात मिसळून दुधातून लेकराच्या पोटात बुडबुडे होऊन जात नाही. तुझं पोट फुगत असेल तर तुझ्यासाठी कमी खा. लेकरासाठी सोडायचं कारण नाही.

खाण्यातलं खरंच लेकराला त्रास देऊ शकेल असं एक आहे, आणि ते तिखट नाही, ते गाई-म्हशीचं दूध आहे. थोड्याच लेकरांना आईनं प्यायलेल्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, पण तेव्हा नुसतं जागणं नसते, संडासात रक्ताची रेघ किंवा शेंबडासारखं चिकट दिसते, अंगावर खरबरीत चट्टे येतात, सारखी उलटी होते, वजन अडते. तसं दिसलं तर डॉक्टरला विचारून दोन-तीन आठवडे दूध-दही बंद करून पाहतात. हे काही नसताना दूध सोडू नको, तुझ्या ताटात आधीच फार काही उरलेलं नाही.

ती गोळी. चिठ्ठीत नाव नाही, पण किराण्यात सुटी मिळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळीत पुष्कळदा कॅफिन असते आणि काहींत अॅस्पिरिन पण. पाजताना डोकेदुखीसाठी अॅस्पिरिन घ्यायची नाही, लहान लेकराला ती धोक्याची आहे. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असते, तुला नाही वाचता आलं तर आशाताईला दाखव. साधी पॅरासिटामॉल चालते, उपकेंद्रात मिळते. आणि डोकं रोज दुखत असेल, डोळ्यापुढं अंधारी किंवा चमक येत असेल, चेहऱ्यावर सूज असेल तर गोळी न घेता आधी बीपी मोजून घे, बाळंतपणानंतर सहा आठवडे पण बीपी चढू शकते. रक्तही तपास. उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि तू जेवणावर चहा घेत असशील तर ते लोह नीट अंगी लागत नाही, चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवते. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी तासभर, नंतर तासभर चहा नाही. रक्त कमी असलं की थकवा, थकव्यानं चहा, ही पण तीच चक्की.

लेकराला मात्र रात्री झोपावं म्हणून वरून काही देऊ नको, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, शेप्याचं पाणी नाही, मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. ४२ व्या दिवशी आशाताई वजन करून गेली असेल, तो आकडा बघ. आशाताईनं घरी येऊन लेकरू पाहायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी उभी केली आणि मग देशभर गेली, तिचा उपयोग करून घे, दर आठवड्याला वजन करायला सांग. दिवसाला २० ते ३० ग्रॅमनं वाढत असेल, सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर लेकरू उपाशी नाही आणि जागण्यामागं आजार असायची शक्यता कमी. वजन अडलं असेल तर चहाचा हिशोब बाजूला ठेव, आधी पाजणं नीट होते का ते दाखव, उपाशी लेकरू पण झोपत नाही.

अंग तापलं, थर्मामीटरवर १००.४ च्या वर गेलं, प्यायचं सोडलं, हिरवी उलटी झाली, टाळू फुगली, झटका आला, किंवा इतके दिवस जागणारं लेकरू अचानक लोळागोळा होऊन उठतच नाही, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नको, १०८ ला फोन लाव.

तर उद्या सकाळपासून ताटात तुझ्या आवडीची भाजी येऊ दे, पहिले दोन दिवस मिरची बेतानं कारण महिनाभर फिक्कं खाल्लेल्या पोटाला ती एकदम झोंबेल, मग घरातल्यांसारखी. भाकरी, डाळ, वांग्याचं भरीत, अंडं चालत असेल तर अंडं. एकच सांगते, ठेचा तू कुटला किंवा मिरच्या तोडल्या तर पाजायच्या आधी हाताला तेल चोळून मग साबणानं दोनदा धू, नखातून पण. दुधातून मिरची जात नाही, पण बोटाला लागलेली बोंडीला आणि तिथून लेकराच्या तोंडाला, डोळ्याला जाते, आणि ते रडणं मी पाहिलेलं आहे.